टेबलावर वाळलेले नेलपॉलिश

नेलपॉलिश नखावर लावले जाते तेव्हा त्याच्याखाली फक्त नख असते. तेच टेबलावर सांडते तेव्हा त्याच्याखाली बहुतेक वेळा दुसरे एक पॉलिश असते. वाळलेला डाग काढताना टेबलाची तकाकी का जाते, याचे उत्तर या एका फरकात आहे. रिमूव्हर नेलपॉलिश विरघळवतो, यात शंका नाही. पण डाग संपला म्हणून तो थांबत नाही. खालच्या थरालाही तो तसाच भिडतो, आणि तो थर रिमूव्हरपुढे टिकणारा आहे की विरघळणारा, यावर पुढचे सगळे ठरते. म्हणून डागाचा रंग, आकार किंवा तो किती दिवसांचा आहे यापेक्षा टेबलाचा पृष्ठभाग ओळखणे हे पहिले काम. स्वयंपाकघरातल्या सनमायकावर जी रीत बिनधोक चालते, तीच दिवाणखान्यातल्या जुन्या सागवानी टेबलावर कायमचा पांढुरका चट्टा पाडू शकते.

वाळते म्हणजे काय होते

साध्या नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून तो बनवतात आणि इथाइल अ‍ॅसिटेट, ब्युटाइल अ‍ॅसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवतात. पापुद्रा ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात मऊपणा देणारी द्रव्ये घालतात, चकाकीसाठी राळ आणि शेवटी रंग. बाटली उघडताच येणारा उग्र-गोडसर वास या द्रावकांचा असतो. ते उडून जातात आणि बाकीच्या घटकांचा पातळ पापुद्रा मागे राहतो. या वाळण्यात कोणताही रासायनिक बदल होत नाही, फक्त द्रावक निघून जातो. त्यामुळे वर्षभरापूर्वीचा डागसुद्धा योग्य द्रावक लागताच पुन्हा पातळ होतो.

रिमूव्हर म्हणून बाजारात मिळते ते मुख्यतः अ‍ॅसिटोन असते. ‘अ‍ॅसिटोन नाही’ असे लिहिलेल्या बाटलीत बहुधा इथाइल अ‍ॅसिटेट असते. नखांच्या दृष्टीने ते सौम्य असेल. लाकडाच्या पॉलिशच्या दृष्टीने मात्र दोघांत फारसा फरक नाही. अ‍ॅसिटोन लवकर उडते, इथाइल अ‍ॅसिटेट थोडे जास्त वेळ ओले राहते, एवढेच.

याच नायट्रोसेल्युलोजचे रंग १९२० च्या दशकात मोटारगाड्यांवर मोठ्या प्रमाणात मारले जाऊ लागले आणि त्याच जातीचे पारदर्शक लॅकर फर्निचरवरही आले. आजही अनेक सुतार लाकडावर एनसी लॅकर मारतात. म्हणजे नेलपॉलिश आणि हे लॅकर ही सख्खी भावंडे. एकाला विरघळवणारे दुसऱ्याला विरघळवणारच. इतकेच नव्हे, ओले नेलपॉलिश अशा टेबलावर सांडते तेव्हा त्यातला द्रावक खालचे लॅकर मऊ करतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळून वाळतात. डागाची कड नीट पाहिली तर हे कळते. डाग पृष्ठभागावर खवल्यासारखा बसला असेल आणि कडेला नख अडकत असेल, तर खालचा थर टणक आहे. कड खाली विरघळल्यासारखी दिसत असेल, डाग आणि टेबल यांची सीमाच सापडत नसेल, तर खालचा थर मऊ झाला होता, असे समजावे.

जेल नेलपॉलिशची गोष्ट वेगळी आहे. ते द्रावक उडून वाळत नाही. दिव्याच्या अतिनील प्रकाशात त्यातले रेणू एकमेकांना जोडले जाऊन घट्ट जाळे तयार होते. असे जाळे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही, फक्त फुगून सैल होते. उलट, टेबलावर सांडलेल्या जेलवर दिवा किंवा ऊन पडले नसेल, तर ते तासन्‌तास चिकट राहते. तेव्हा ते न पसरवता कोरड्या कागदाने टिपून घेतले, तर काम अर्धे होते. कच्च्या जेलने त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून ते टिपताना हातमोजे घालावेत.

खाली काय आहे, ते ओळखणे

पहिला प्रश्न: टेबल लाकडाचे की लॅमिनेटचे? उत्तर टेबलाच्या कडेला सापडते. लाकडाच्या किंवा लाकडी व्हिनियरच्या पृष्ठभागावरची रेषा कुठेच हुबेहूब परत येत नाही. लॅमिनेटवर छापील नक्षी असते. थोडे शोधले की तीच गाठ, तीच रेषा पुन्हा दिसते. शिवाय लॅमिनेटच्या कापलेल्या कडेला बहुधा एक बारीक, काळपट तपकिरी रेघ दिसते. ती आतल्या जाड कागदाच्या थरांची असते.

लॅमिनेट म्हणजे एकावर एक रचलेले कागद. खाली फिनॉलिक राळेत भिजवलेले तपकिरी क्राफ्ट कागद, त्यावर नक्षीचा कागद आणि सर्वात वर बहुधा मेलामाइन राळेत भिजवलेला पारदर्शक पातळ कागद. हे सगळे १४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेत जबर दाबाखाली एकजीव केले जाते आणि साधारण १ मिलिमीटर जाडीचा पत्रा तयार होतो. वरची मेलामाइन राळ एकदा पक्की झाली की ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळत नाही. म्हणून रिमूव्हरची भीती इथे सर्वात कमी. पण हा वरचा थर इतका पातळ असतो की त्यावर ओरखडा पडला तर तो घासून काढता येत नाही, की वरून पॉलिश मारून झाकता येत नाही.

लाकूड असेल तर दुसरा प्रश्न: त्यावर कोणते पॉलिश आहे? आपल्याकडच्या घरांत मुख्यतः तीन गट आढळतात. जुन्या सागवानी फर्निचरवर स्पिरिट पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. त्यानंतरच्या काळातल्या बऱ्याच वस्तूंवर एनसी लॅकर. अलीकडच्या कामांवर मेलामाइन किंवा पीयू पॉलिश. पहिले दोन गट नेलपॉलिशसारखेच द्रावक उडून वाळलेले असतात, म्हणून द्रावकाने पुन्हा मऊ होतात. तिसरा गट दोन द्रव्ये मिसळून रासायनिक रीतीने पक्का होतो आणि त्यामुळे बराच सोशिक असतो.

कोणता गट आहे हे दोन थेंबांत कळते. टेबलाच्या वरच्या फळीची भिंतीकडची कड किंवा पायाची मागची बाजू निवडावी. फळीच्या तळाला चाचणी घेऊ नये, कारण तिथे बऱ्याचदा पॉलिश मारलेलेच नसते. जागा आधी साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. वर मेणाचा थर असेल तर चाचणी फसते. मग कापसाची काडी साध्या पॉलिशच्या स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट तिथे टेकवून ठेवावी. जागा चिकट झाली आणि काडीवर तपकिरी रंग आला, तर ती लाख. काही झाले नाही, तर शेजारच्या जागी एनसी थिनरने तसेच करावे. आता चिकटपणा आला, तर लॅकर. दोन्ही वेळा पृष्ठभाग जसाच्या तसा राहिला, तर मेलामाइन किंवा पीयू.

लॅमिनेट: द्रावक चालतो, खरवड चालत नाही

लॅमिनेटवर डागाचा जाड भाग आधी प्लॅस्टिकने काढावा. मुदत संपलेले एटीएम कार्ड पृष्ठभागाशी जवळजवळ आडवे धरून कडेकडून आत ढकलले की खवले सुटतात. चाकू, स्टीलची घासणी, तारेचा ब्रश यांपैकी काहीही नको. भांडी घासायच्या हिरव्या घासणीतही कठीण कण असतात, तीही नको.

उरलेल्या पापुद्र्यासाठी रिमूव्हर वापरावा, पण टेबलावर ओतू नये. कापसाचा बोळा ओला करून डागावर दहा-पंधरा सेकंद टेकवून ठेवावा आणि मग बाहेरून आत, एकाच दिशेने पुसून उचलावा. प्रत्येक वेळी कापूस नवा घ्यावा किंवा स्वच्छ बाजू फिरवावी. गोल गोल घासल्याने विरघळलेला रंग मोठ्या जागेवर पसरतो आणि एका थेंबाचा तळहाताएवढा गुलाबी पट्टा होतो. नेलपॉलिशमध्ये चमकी असेल तर घासणे पूर्णच टाळावे. चमकीचे कण प्लॅस्टिकचे असतात, विरघळत नाहीत, आणि बोटाच्या दाबाखाली चकचकीत लॅमिनेटवर बारीक ओरखडे पाडतात. तिथे कापूस टेकवावा, मिनिटभर थांबावे आणि कण कापसाबरोबर सरळ वर उचलून घ्यावेत.

मॅट किंवा लाकडाच्या रेषा उठवलेल्या लॅमिनेटमध्ये रंग खळग्यांत उरतो. त्यासाठी मऊ केसांचा दात घासायचा ब्रश रिमूव्हरमध्ये बुडवून रेषांच्या दिशेने हलकेच फिरवावा आणि लगेच कापसाने टिपावे. शेवटी साबणाच्या पाण्याने पुसून, साध्या पाण्याने पुसून, कोरडे करावे.

तीन ठिकाणी मात्र लॅमिनेटवरही रिमूव्हर जपून वापरावा लागतो. पहिले, कडेची पट्टी. ती बहुधा पीव्हीसीची असते आणि अ‍ॅसिटोनने मऊ पडून फुगते. दुसरे, दोन पत्र्यांचा सांधा; तिथून द्रावक आत गेला तर चिकटवलेला थर सुटू लागतो. तिसरे, आरशासारखे चकचकीत अ‍ॅक्रिलिकचे पत्रे. दिसायला ते उंची लॅमिनेटच वाटतात, पण अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते आणि एका पुसण्यात त्यावर कायमचा धुरकटपणा येतो. शंका असेल तर आधी कडेला, नजरेआड, एक थेंब लावून पाहावा.

डाग गेला, पण जागा धुरकट दिसते, ही लॅमिनेटवरची नेहमीची तक्रार. त्यावरून लॅमिनेट खराब झाले असे लगेच समजू नये. बहुतेकदा तो विरघळून पुन्हा वाळलेल्या नेलपॉलिशचा अतिशय पातळ थर असतो. नवा कापूस नव्या रिमूव्हरमध्ये भिजवून एकदाच पुसावे. धुरकटपणा सरकला किंवा कापसावर रंग आला, तर तो उरलेला थरच. आणखी दोन-तीन स्वच्छ बोळ्यांत तो जातो. काहीच बदलले नाही आणि तिरप्या उजेडात बारीक रेघा दिसल्या, तर ते ओरखडे आहेत आणि त्यांवर घरगुती उपाय नाही.

पीयू आणि मेलामाइन: आधी खवला, मग थेंब

या पॉलिशवर नेलपॉलिश सहसा वर बसून राहते, आत शिरत नाही. म्हणून कोरडेच काढण्याचा प्रयत्न आधी करावा. बर्फाचे तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, पिशवी कोरड्या फडक्यात गुंडाळून डागावर चार-पाच मिनिटे ठेवली, तर पापुद्रा गारठून ठिसूळ होतो. मग कार्डाची कड डागाच्या काठाखाली घालून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने उचलले की बऱ्याचदा मोठा खवला एकदम सुटतो. पाणी मात्र टेबलाला लागू देऊ नये.

जो पातळ रंग उरतो त्याला आधी स्पिरिट लावून पाहावे. स्पिरिट नेलपॉलिशला अ‍ॅसिटोनसारखे झटकन विरघळवत नाही, पण मऊ करते, आणि पक्क्या झालेल्या पीयूला सहसा धक्का लावत नाही. काडी ओली करून फक्त डागावर फिरवावी आणि कोरड्या कापसाने टिपावे. असे दहा-बारा वेळा करावे लागले तरी हरकत नाही. त्यानेही भागले नाही आणि आडबाजूची चाचणी नीट गेली असेल, तरच अ‍ॅसिटोनने भिजवलेली काडी दोन-तीन सेकंद लावून लगेच पुसावी. मेलामाइन पॉलिश थोडा वेळ अ‍ॅसिटोन सोसते, पण कापूस तसाच ठेवून दिला तर तेही मऊ पडते. पॉलिश नुकतेच, गेल्या काही दिवसांत मारलेले असेल, तर अ‍ॅसिटोन टाळावेच. ते अजून पूर्ण पक्के झालेले नसते.

सागवानी टेबल आणि स्पिरिट पॉलिश

सर्वात अवघड काम लाख किंवा लॅकर असलेल्या लाकडावरचे. इथे रिमूव्हर पूर्ण वर्ज्य. एका ठरावीक उदाहरणावरून क्रम पाहता येईल. समजा, जुने सागवानी लिहिण्याचे टेबल आहे. स्पिरिटच्या चाचणीत काडी तपकिरी झाली, म्हणजे लाख. फळीच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढा गडद लाल डाग, मध्ये जाड, कडेला पातळ, आठवड्यापूर्वी वाळलेला.

डाग ओला असतानाच कुणी फडक्याने पुसला नाही, हे चांगले झाले. ओले नेलपॉलिश लाखेवर पुसले, की द्रावकाने मऊ झालेली लाखही त्याबरोबर निघते. वाळून घट्ट झालेल्या थराला मात्र हळूहळू, वरून खाली उतरवता येते.

पहिल्या टप्प्यात कार्डाने जेवढे सहज सुटेल तेवढे काढावे. बर्फ इथे वापरू नये. लाखेला ओलावा सोसत नाही आणि त्यावर पांढरे वर्तुळ उठते. मधला जाड भाग सुटतो, बाकीचा चिकटून राहतो.

दुसऱ्या टप्प्यात फर्निचर दुरुस्त करणाऱ्यांची एक युक्ती उपयोगी पडते. कटरचे रुंद, नवे ब्लेड घ्यावे आणि त्याच्या धारेच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचे दोन-दोन वेढे द्यावेत. मध्ये साधारण बोटाच्या रुंदीएवढी धार उघडी राहावी. डागाच्या दोन्ही बाजूंना टेप टेकते आणि मधली धार टेबलापासून टेपच्या जाडीएवढी वर राहते. ती टेबलाला शिवत नाही, वर आलेला डाग तेवढा तासते. ब्लेड जवळजवळ उभे धरून, रेषेच्या दिशेने स्वतःकडे हलकेच ओढावे. प्रत्येक ओढीला लाल भुकटी निघते. भुकटी यायची थांबली आणि खरखर ऐकू येईनाशी झाली, की डाग टेपच्या पातळीला आला. इथे थांबायचे. आणखी दाबले तर टेप दबतो आणि धार लाखेत शिरते.

आता उरला तो केसाएवढा पातळ लाल पापुद्रा. तिसऱ्या टप्प्यात त्याला १५०० नंबरचा वॉटर पेपर लागतो. त्याचा छोटा तुकडा खोडरबराला गुंडाळावा, म्हणजे बोटाचा दाब एका जागी पडत नाही. पाण्याऐवजी औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन दोन थेंब टाकावे. ते लाखेला विरघळवत नाही आणि कागद अडकू देत नाही. रेषेच्या दिशेने पाच-सहा हात मारावेत, पुसावे, पाहावे. पुन्हा पाच-सहा. कागदावर लाल रंग येत आहे तोवर काम डागावर चालले आहे. ज्या क्षणी कागदावर तपकिरी किंवा पिवळसर छटा दिसेल, त्या क्षणी तो लाखेपर्यंत पोहोचला, असे समजून हात थांबवावा. व्हिनियरच्या टेबलावर हे आणखी महत्त्वाचे. तिथे वरचे खरे लाकूड अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असते आणि ते घासून गेले, तर खालचा प्लाय उघडा पडतो.

या टप्प्यानंतर लाल रंग गेलेला असतो आणि त्याच्या जागी नाण्याएवढा निस्तेज गोल उरतो. हा निस्तेजपणा अपेक्षितच आहे. चकाकी म्हणजे सपाट पृष्ठभागावरून एकाच दिशेने परतणारा उजेड. कागदाच्या बारीक चरांवर तो विखुरतो, म्हणून जागा मंद दिसते. लाखेच्या बाबतीत हे भरून काढणे सोपे असते, कारण नवी लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते.

त्यासाठी १० ग्रॅम चपडा लाख १०० मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. टेबलावरचे पॅराफिन टर्पेंटाइनच्या फडक्याने पूर्ण पुसून काढावे; तेलकटपणा राहिला तर नवी लाख धरत नाही. कापसाच्या गोळ्यावर मऊ सुती कापड बांधून पुरचुंडी करावी, ती द्रावणात बुडवून पिळावी आणि कागदावर दाबून पाहावी. ओघळ नको, फक्त ओलसर ठसा उमटावा. मग त्या गोलावरून रेषेच्या दिशेने, विमान धावपट्टीला टेकून पुन्हा उठते तसा सरकत हात न्यावा. पुरचुंडी टेबलावर थांबली तर तिथेच चिकटते आणि खालची लाख उचलते. एक हात, तासभर थांबणे, पुन्हा एक हात. असे चार-पाच हात झाले की गोल आजूबाजूशी मिळतो. दुसऱ्या दिवशी थोडे मेण लावून सुती कापडाने घासले, की तिरप्या उजेडातही जागा सहसा शोधावी लागते.

हे काम भर पावसात करू नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतले बाष्प त्यावर जमते आणि ओल्या लाखेत अडकून पांढुरकी साय धरते. लॅकर आणि थिनरचेही तसेच. कोरड्या दिवशी, दुपारच्या वेळी हे काम करावे.

टेबलावर लाखेऐवजी एनसी लॅकर असेल, तर पहिले तीन टप्पे तेच राहतात. फक्त चकाकी परत आणायला पुरचुंडीऐवजी २००० नंबरचा कागद आणि त्यानंतर मोटारीच्या रंगासाठी मिळणारे मऊ रबिंग कॉम्पाउंड फ्लॅनेलवर घेऊन घासावे. मॅट पॉलिशवर मात्र कॉम्पाउंड लावू नये. मॅट थरात चकाकी मारण्यासाठी बारीक कण मुद्दाम मिसळलेले असतात. जास्त घासले तर तिथे चकचकीत ठिपका उठतो, आणि तो निस्तेज डागाइतकाच डोळ्यांत भरतो.

ऐकीव उपाय

टूथपेस्टने डाग निघतो, कारण तिच्यात घासणारे कण असतात. म्हणजे ती एक बारीक पॉलिश पेपरच आहे, फक्त नंबर न छापलेली. चकचकीत लॅमिनेटवर ती धुरकट वर्तुळ सोडते. खाण्याच्या सोड्याचेही तेच. सॅनिटायझर आणि हेअरस्प्रे यांत अल्कोहोल असते. पीयूवर ते स्पिरिटसारखे थोडे काम करतात, लाखेवर थेट इजा करतात. सॅनिटायझरमध्ये पाणीही असते, म्हणून लाखेवर विरघळणे आणि पांढरे पडणे असे दोन्ही एकदम घडते. रॉकेल आणि टर्पेंटाइन नेलपॉलिशला विरघळवतच नाहीत. ते निरुपद्रवी आहेत, पण डागासाठी निरुपयोगी.

रिमूव्हर वापरताना आगीची काळजी वेगळी सांगावी लागते. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळते आणि त्याची वाफ शून्याखालच्या तापमानालाही ठिणगीने पेट घेऊ शकते. ही वाफ हवेहून जड असते. टेबलावरून उतरून ती जमिनीलगत पसरते. शेजारच्या खोलीत समई, उदबत्ती किंवा गॅस चालू असेल, तर आधी ते विझवावे, खिडक्या उघडाव्यात, आणि ओले बोळे घरातल्या बंद डब्यात न टाकता बाहेर मोकळ्या हवेत वाळू द्यावेत.

कुठे थांबावे

काही डाग पृष्ठभागावर नसतातच. पॉलिश न केलेल्या, किंवा वर्षानुवर्षे हात लागून पॉलिश झिजलेल्या लाकडावर नेलपॉलिश सांडले, तर रंग थेट रंध्रांत उतरतो. त्यावर रिमूव्हर लावला, तर पातळ झालेला रंग आणखी खोल जातो आणि डाग मोठा, पण फिका होतो. अशा वेळी पापुद्र्याचा वरचा भाग कार्डाने काढून बाकीचे पॉलिशवाल्यावर सोपवावे. तो त्या जागेचे लाकूड थोडे घासून, रंग जुळवून, संपूर्ण फळीला पॉलिशचा नवा हात देतो. फक्त डागापुरते पॉलिश केले, तर जुन्या आणि नव्या लाकडाची छटा वेगळी राहते.

ब्लेड आणि कागदाचे टप्पे झाल्यावरही जो लाल रंग रेषांच्या खाचांत बारीक ठिपक्यांसारखा दिसतो, त्याचेही तसेच. तो काढण्यासाठी आणखी घासले, तर खाचेपर्यंत पोहोचण्याआधी भोवतालचे पॉलिश संपते. सागवानाच्या गडद रंगात हे ठिपके लांबून दिसत नाहीत. ते तसेच ठेवून वरून लाखेचा हात दिला, तर टेबलाची तकाकीही राहते आणि डागही नजरेत येत नाही.